वेष्टनावर अल्कलाइन, आत झिंक-कार्बन: फोटोंवरून केलेली एका खोक्याची तपासणी

चाळीस पेन्सिल सेलचं एक खोकं विकायला होतं. वर्णनात लिहिलं होतं: नामांकित कंपनीचे अल्कलाइन सेल, एलआर६, प्रत्येकी वजन २४ ग्रॅम, वापराची मुदत संपायला अजून सात वर्षं. सोबत सहा फोटो. घेणाऱ्याचा प्रश्न साधा होता: पैसे देण्याआधी, एवढ्या फोटोंवरून, हा माल खरा की खोटा?

बहुतेक लोक अशा वेळी आधी लेबलाकडे धावतात. अक्षरं नीट आहेत का, रंग जुळतो का, वगैरे. हा क्रम उलटा आहे. नकली माल करणारा सगळा खर्च लेबलावरच करतो, कारण गिऱ्हाईक तेवढंच बघतं. आतली बांधणी मात्र छापून बदलता येत नाही. म्हणून इथे आधी वजन, मग दोन्ही टोकांची मुडपलेली कड, मग गळतीच्या खुणा आणि सगळ्यात शेवटी लेबल, असा क्रम घेतला.

काट्यावरचे ९६ ग्रॅम

तिसऱ्या फोटोत एका छोट्या वजनकाट्यावर चार सेल ठेवलेले होते आणि आकडा दिसत होता ९६. म्हणजे एकाचे २४. वर्णनाशी तंतोतंत जुळणारं.

पेन्सिल आकाराचा खरा अल्कलाइन सेल साधारण २३ ते २४ ग्रॅम भरतो. त्याच आकाराचा झिंक-कार्बन सेल १५ ते १९ ग्रॅमच्या आसपास असतो. माप दोन्हींचं सारखंच, व्यास सुमारे १४ मिलिमीटर आणि उंची जवळजवळ ५० मिलिमीटर. फरक पडतो तो भरणीमुळे. अल्कलाइनमध्ये पोलादी डबी असते, तिच्या आतल्या भिंतीला मॅंगनीज डायऑक्साइडची घट्ट दाबलेली कडी असतात आणि मधोमध जस्ताच्या भुकटीचा दाट गोळा. झिंक-कार्बनमध्ये पातळ जस्ताची डबी, आत मॅंगनीज डायऑक्साइडमध्ये बरंच हलकं काजळीसारखं कार्बन आणि ओला क्षार, मधोमध कार्बनची कांडी. तेवढ्याच जागेत माल हलका. त्यामुळे या दोघांतली तफावत साध्या स्वयंपाकघरातल्या काट्यालाही पकडता येते.

पण ९६ चा फोटो नीट बघितला तर सेलखाली काहीतरी होतं: पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण, सेल घरंगळू नयेत म्हणून ठेवलेलं. झाकण ठेवल्यावर काटा शून्यावर आणला होता की नाही हे फोटोवरून कळायला मार्ग नव्हता. खोटेपणाच असेल असं नाही, निष्काळजीपणाही असू शकतो. पण अशा फोटोतल्या आकड्याला पुरावा म्हणता येत नाही.

विकणाऱ्याकडून तीन फोटो मागवले. एकाच जागी, एकाच कोनातून, आधी रिकामा काटा शून्य दाखवताना, मग त्यावर थेट ठेवलेले दहा सेल, मग पुन्हा रिकामा काटा. दहा सेल मागण्याचं कारण असं की एक ग्रॅमची पायरी असलेल्या काट्यावर एकच सेल ठेवला तर आकडा अर्ध्या ग्रॅमने इकडेतिकडे होतो. दहा ठेवले की तीच चूक दहांत वाटली जाते आणि प्रत्येकामागे जेमतेम अर्धा दशांश ग्रॅम उरते.

दहा सेलचा आकडा आला १७२. म्हणजे एकाचे १७.२ ग्रॅम. आता मागे जाऊन तिसऱ्या फोटोचा हिशेब लावता येतो: चार सेलचे ६८.८, आणि ९६ मधून ते वजा केले तर उरतात सुमारे २७ ग्रॅम. तळहाताएवढ्या जाड प्लॅस्टिकच्या झाकणाचं वजन तेवढं असायला हरकत नाही. दोन फोटो एकमेकांशी भांडत नाहीत. भांडतं ते वर्णन.

इथे दोन गोष्टींचं भान ठेवायला हवं. पेन्सिल आकाराचे लिथियमचे, दीड व्होल्टचे न भरता येणारे सेल पंधरा ग्रॅमच्या आसपासच असतात आणि ते उत्तम प्रतीचे असतात. तेव्हा हलका म्हणजे वाईट असा सरसकट नियम नाही. हलका सेल आणि त्यावर एलआर६ हे नाव, ही जोडी जुळत नाही. एलआर म्हणजे अल्कलाइन, नुसतं आर६ म्हणजे झिंक-कार्बन, एफआर६ म्हणजे लिथियम. दुसरी गोष्ट अशी की वापरून संपलेला अल्कलाइन सेलही तेवढाच भरतो. आतला पदार्थ बदलतो, पण डबी बंद असल्याने बाहेर काही जात नाही. वजनावरून सेलचा प्रकार कळतो, ताजेपणा कळत नाही.

मल्टिमीटरचा फोटो, आणि तो का बाजूला ठेवला

चौथ्या फोटोत मल्टिमीटर १.६४ व्होल्ट दाखवत होता. विकणाऱ्याचं म्हणणं होतं की हाच ताज्या मालाचा पुरावा. ताजा अल्कलाइन सेल भाराशिवाय १.६ च्या आसपास दाखवतो हे खरं. पण ताजा झिंक-कार्बनही १.६ किंवा त्याहून थोडा वरच दाखवतो. भार न लावता मोजलेल्या व्होल्टेजवरून हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत. या फोटोने फक्त एवढं कळलं की तो सेल संपलेला नव्हता. उपयोगी माहिती, पण प्रश्न तो नव्हता.

टोपी आणि खांदा यांच्यामध्ये काय आहे

निर्णय खऱ्या अर्थाने इथे झाला, म्हणून जरा थांबून बघू.

अल्कलाइन सेलची पोलादी डबी हाच त्याचा धन ध्रुव असतो. पत्रा ओढून डबी करतात तेव्हा तिच्या बंद टोकाला टोपीचा उंचवटाही सहसा त्याच पत्र्यातून काढलेला असतो. काही कारखान्यांत टोपी वेगळी करून डबीच्या सपाट टोकावर जोडतात, पण तिथेही धातूवर धातूच असतो. उघडं टोक ऋण बाजूला येतं. तिथून माल भरला की प्लॅस्टिकचं सील आणि धातूची चकती बसवतात आणि डबीची कड त्यावर आत मुडपतात. म्हणजे अल्कलाइनला खरी मुडप एकाच टोकाला असते, ऋण टोकाला.

झिंक-कार्बनचं उलट. जस्ताची डबी हा ऋण ध्रुव, तिचा तळ खाली. धन ध्रुव म्हणजे मधली कार्बनची कांडी, आणि तिच्यावर धातूची छोटी टोपी घातलेली. ही टोपी आणि जस्ताची डबी एकमेकींना टेकली तर सेल आतल्या आत शॉर्ट होईल, म्हणून टोपीभोवती प्लॅस्टिकची चकती लागतेच. वर पोलादी पत्र्याचं कवच असेल तर त्याची कड धन टोकाला त्या चकतीवर मुडपलेली दिसते.

तेव्हा धन टोकाच्या फोटोला एकच प्रश्न विचारायचा: टोपीपासून कडेपर्यंत सलग धातू दिसतो, की मध्ये प्लॅस्टिकचं कडं आहे?

पहिल्या सहांतला पाचवा फोटो धन टोकांचाच होता, पण तिरका आणि दुरून. त्यात सेलचा व्यास जेमतेम ४० पिक्सेल भरत होता. व्यास १४ मिलिमीटर धरला तर एका मिलिमीटरला तीन पिक्सेलसुद्धा येत नाहीत, आणि आपल्याला बघायचं कडं एक-दीड मिलिमीटर रुंदीचं. अशा फोटोवर मत देणं म्हणजे ढगात आकार शोधणं. किती मोठा फोटो पुरेल याचा अंदाज असाच बांधता येतो: सेलचा व्यास चित्रात ३०० पिक्सेलच्या आसपास असेल तर मिलिमीटरला वीसेक पिक्सेल मिळतात आणि कड वाचता येते. फोन फार जवळ नेला की चित्र धूसर होतं. त्यापेक्षा वीतभर अंतरावरून दुप्पट झूम बरा. फ्लॅश नको, कारण चकाकीत खोलगटपणा मरतो. खिडकीचा प्रकाश एका बाजूने आला की मुडपीची सावली पडते, आणि वाचायची असते ती सावलीच.

नवा फोटो आला, दोन सेल शेजारी शेजारी, एकाचं धन टोक वर आणि दुसऱ्याचं ऋण.

धन टोकाला मधोमध टोपी, तिच्याभोवती पांढरट, किंचित खोल गेलेलं सपाट कडं, आणि त्याबाहेर आत वळलेली बारीक चकचकीत धातूची कड. कड सगळीकडे सारखी नव्हती. साधारण पाव भागात ती जास्त आत दाबली गेली होती आणि तिथे प्लॅस्टिक फुगून वर आलं होतं. मुडपणारा साचा तिरका बसला किंवा झिजला की असं होतं, आणि पुढे सील कमजोर पडतं ते अशाच जागी.

एक पळवाट तपासली. अल्कलाइनच्या धन टोकालाही लेबलाची प्लॅस्टिकची फिल्म खांद्यावर आकसून आलेली असते आणि दुरून ती कड्यासारखी वाटू शकते. पण फिल्म पातळ असते, तिला बारीक सुरकुत्या असतात, तिचा रंग लेबलाचाच असतो आणि ती बाहेरून आत येऊन खांद्यावरच थांबते. इथलं कडं टोपीला चिकटून सुरू होत होतं, त्याला स्वतःची जाडी होती, आणि धातूची कड त्याच्या वर होती. फिल्म धातूवर बसते. इथे धातू प्लॅस्टिकवर बसला होता.

ऋण टोक मात्र फसवं निघालं. तिथेही चकती आणि तिच्याभोवती मुडपलेली धातूची कड होती, अगदी अल्कलाइनला असते तशी. कवचाचा पत्रा खालच्या टोकालाही आत वळवलेला असतो, म्हणून असं दिसतं. नुसत्या ऋण टोकाच्या फोटोवर विसंबणारा इथे हमखास चुकेल. बारीक फरक होताच: अल्कलाइनला चकती आणि कड यांच्यात सीलच्या प्लॅस्टिकची अरुंद रेघ दिसते, कारण चकती ऋण आणि कड धन असते आणि त्यांना वेगळं ठेवावंच लागतं. इथे त्या जागी कागदासारखं काहीतरी करडं होतं. पण हे बघायला नशिबाने चांगला फोटो लागतो. धन टोकाचा पुरावा जास्त भरवशाचा.

पांढरं, तपकिरी, आणि कुठून सुरू झालेलं

पाचव्याच फोटोत मागच्या रांगेतल्या एका सेलवर डाग होता. विकणाऱ्याने त्याला साठवणुकीतली धूळ म्हटलं. जवळचा फोटो मागवला.

अल्कलाइन सेल गळतो तेव्हा पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचं पांढरं, कोरडं, पापुद्र्यासारखं पोटॅशियम कार्बोनेट होतं. आत वायूचा दाब वाढल्यावर सीलचा पातळ भाग फुटतो, आणि सील ऋण टोकाला असल्याने पांढरेपणा सहसा तिथूनच सुरू होतो. पितळ किंवा तांब्याच्या पट्टीला लागला तर हिरवट-निळा होतो. पण अल्कलीमुळे पोलाद गंजत नाही. पांढऱ्या थराखालचा पत्रा बहुतेक वेळा मंद पण शाबूत असतो.

झिंक-कार्बनचा क्षार वेगळा. त्यात झिंक क्लोराइड किंवा अमोनियम क्लोराइड असतं, थोडं आम्लधर्मी. शिवाय सेल चालताना जस्ताची डबीच झिजत असते, आणि एखाद्या जागी भोक पडलं की द्रव कुशीतून बाहेर येतो. क्लोराइड पोलादी कवचाला लागला की गंज, म्हणजे तपकिरी रंग.

जवळच्या फोटोत दोन गोष्टी होत्या. धन टोकाला, जिथे कड जास्त दाबली गेली होती तशाच जागी, पिवळट-तपकिरी ओलसर चंद्रकोर. आणि सेलच्या कुशीत, लेबलाखाली, तांदळाएवढा फुगवटा, त्याच्याभोवती तपकिरी छटा लेबलातून डोकावणारी.

डाग वाचताना एक प्रश्न चुकवायचा नाही: तो या सेलचा आहे की शेजाऱ्याचा? गठ्ठ्यात एक गळला की दुसऱ्यावर डाग पडतो. शेजाऱ्याचा डाग लेबलाच्या वर असतो, दोन सेल टेकतात त्या उभ्या रेषेवर. इथे कुशीतला डाग लेबलाखाली होता आणि वरची फिल्म अखंड होती. म्हणजे द्रव आतूनच आला होता. सर्दट जागेचा गंज म्हणावं तर तो सगळ्या सेलच्या कापलेल्या कडांवर थोडाथोडा दिसायला हवा. बाकीच्यांच्या कडा स्वच्छ होत्या.

काही विकणारे असे सेल पुसून ठेवतात. पुसलेला सेलही ओळखू येतो: टोपीचा माथा चकचकीत, पण मुडपीच्या खाचेत रंग तसाच, कारण कापसाचा बोळा तिथे पोहोचत नाही. टोकाला एक मंद, धुरकट वर्तुळ उरतं.

लेबल, शेवटी

लेबल वाईट नव्हतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण फक्त तेच बघितलं असतं तर माल पास झाला असता. रंग खऱ्याच्या जवळ होता. अर्थात फोनचा कॅमेरा पांढऱ्याचा समतोल स्वतःच बदलत असतो, त्यामुळे फोटोतल्या रंगावरून निवाडा करूच नये.

दोन जागी मात्र शंका आली. मोठ्या अक्षरांच्या सपाट रंगात, वाढवून बघितल्यावर, बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, आणि लहान अक्षरांच्या एका बाजूला गुलाबी, दुसऱ्या बाजूला निळसर किनार. असे सपाट रंग कंपन्या सहसा एकाच तयार शाईने छापतात, त्यामुळे कडा स्वच्छ येतात. खऱ्या लेबलाची नक्कल चार रंगांत पुन्हा छापली आणि रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत की किनार उमटते. फोटो दाबून लहान केल्यावरही अक्षरांभोवती धूसर वलय येतं, पण ते चारही बाजूंनी सारखं असतं. ही किनार सगळ्या अक्षरांना एकाच दिशेला होती.

दुसरी जागा मुदतीच्या तारखेची. बहुतेक कारखान्यांत लेबलाची गुंडाळी आधी छापून येते आणि तारीख व लॉटचा क्रमांक नंतर, सेल तयार होताना, ठिपक्यांच्या शाईने किंवा लेझरने उमटवतात. त्यामुळे सेलगणिक तारखेची जागा चिन्हाच्या मानाने थोडी सरकते. चार सेल एका ओळीत लावून मागवलेल्या फोटोत तारीख चौघांवर त्याच जागी, त्याच शाईत, बाकीच्या मजकुराइतक्याच गुळगुळीत अक्षरांत होती. तारीख लेबलाच्या चित्रातच होती. असा सेल दर वर्षी नव्या मुदतीचा करायचा तर चित्रातला आकडाच बदलायचा, बस्स. सात वर्षांची मुदत अल्कलाइनला शोभते. झिंक-कार्बनची मुदत सहसा दोन-तीन वर्षांचीच असते.

लेबलाचे हे दोन्ही मुद्दे एकटे असते तर त्यावर माल नाकारता आला नसता. त्याच कंपनीचे वेगवेगळ्या देशांतले कारखाने लेबल वेगळं छापतात, आणि कुठे कसं छापतात हे शेजारी खरा नमुना असल्याशिवाय कळत नाही.

निकाल, आणि त्याची हद्द

वजन १७.२ ग्रॅम, धन टोकाला प्लॅस्टिकचं कडं आणि त्यावर मुडपलेली कड, कुशीतून आलेली गंजवणारी गळती. तिन्ही स्वतंत्र पुरावे एकाच बांधणीकडे बोट दाखवत होते. मत दिलं गेलं: झिंक-कार्बन सेल, अल्कलाइनच्या लेबलात.

घेणाऱ्याने तरीही दोन सेल नमुन्याला मागवले. जवळपास ४ ओहमचा भार लावला की सुरुवातीला चारशे मिलिअँपिअरच्या जरा खाली प्रवाह वाहतो. अल्कलाइन असा भार सहसा पाच तासांहून अधिक ओढतो आणि पहिल्या तासाअखेरीस सव्वा व्होल्टच्या आसपास असतो. या दोन्ही सेलचं व्होल्टेज पहिल्या तासातच १.१ च्या खाली गेलं. सेल कापून बघायची गरज पडली नाही, आणि कापू नयेच: अंदाज चुकून तो अल्कलाइन निघाला तर आतला द्रव डोळे आणि कातडी जाळतो.

या पद्धतीने न पकडता येणारा एक प्रकार आहे. कुणी स्वस्त पण खरोखरच अल्कलाइन असलेला बिननावाचा सेल घेऊन त्यावर नामांकित लेबल चढवलं, तर वजन २३ ग्रॅम येईल, धन टोक सलग धातूचं दिसेल, गळती झाली तर पांढरी आणि ऋण टोकाला होईल. तिथे उरतं फक्त लेबल, आणि फोटोवरून लेबल वाचायचं तर त्याच कारखान्याचा, त्याच सालचा खरा सेल शेजारी ठेवून एकाच प्रकाशात काढलेला फोटो लागतो. तो मिळत नसेल तर «सांगता येत नाही» हेच बरोबर उत्तर.